आधी पुस्तकं मोजा, मग सुताराला बोलवा

घरात पुस्तकांसाठी कपाट करायचं ठरलं की सुतार भिंतीची लांबी आणि उंची मोजतो. खोली मात्र तो मोजत नाही, ती त्याच्या डोक्यात आधीच ठरलेली असते: एक फूट. दोन फळ्यांमधलं अंतरही बहुधा एक फूटच असतं. यामागे त्याचा हिशेब आहे. प्लायवूडचा शीट आठ फूट बाय चार फूट येतो, चार फुटांच्या रुंदीत एक-एक फुटाच्या चार पट्ट्या निघतात आणि फारसं काही वाया जात नाही. प्लायचा हिशेब बरोबर जुळतो, पण त्यात पुस्तकाचा हिशेब कुठेच नसतो.

आपल्याकडचं नेहमीचं मराठी पुस्तक साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद असतं. ते एक फूट खोल आणि एक फूट उंच कप्प्यात उभं केलं की मागे साडेसहा इंच आणि वर साडेतीन इंच जागा मोकळी राहते. मागची जागा काही महिन्यांतच दुसऱ्या रांगेने भरते, आणि ती रांग दिसत नसल्यामुळे त्यातली पुस्तकं हळूहळू विस्मरणात जातात. वरची जागा आडव्या टाकलेल्या पुस्तकांनी भरते, म्हणजे खालचं पुस्तक काढायचं तर आधी वरची चार उचलायची. कपाट दोन वर्षांतच ‘भरलं’ असं वाटतं. खरं तर त्याची मापं पुस्तकांसाठी घेतलेलीच नसतात.

कागदाच्या घडीतून आलेली मापं

पुस्तकांचे आकार प्रकाशकाच्या लहरीवर ठरत नाहीत. छपाईचा कागद ठरावीक मापाच्या तावात येतो, ताव घड्या घालून दुमडला जातो आणि कडा कापल्या की पुस्तकाचं पान तयार होतं. म्हणूनच जुन्या मराठी पुस्तकांच्या श्रेयपानावर किंवा सूचीपत्रात ‘आकार : डेमी १/८’ किंवा ‘क्राऊन १/८’ असं छापलेलं दिसतं. पहिला शब्द तावाचं नाव सांगतो आणि अपूर्णांक सांगतो की त्या तावाची किती पानं झाली.

डेमी ताव १८ बाय २३ इंचांचा. एकदा दुमडला की साडेअकरा बाय १८, दुसऱ्यांदा ९ बाय साडेअकरा, तिसऱ्यांदा पावणेसहा बाय ९. तीन घड्यांत तावाचे आठ भाग होतात, म्हणजे दोन्ही बाजू धरून सोळा पृष्ठांचा एक फर्मा. बांधणीनंतर वरची, खालची आणि समोरची कड कापतात आणि हातात येतं साडेपाच बाय साडेआठ इंचांचं पुस्तक. कादंबऱ्या, कथासंग्रह, आत्मचरित्रं, वैचारिक पुस्तकं बहुतांश याच आकारात असतात. आज छापखाने याच्या दुप्पट, २३ बाय ३६ इंचांचा ताव वापरतात. त्यात एक घडी जास्त पडते, पण पान तेच राहतं.

क्राऊन ताव १५ बाय २० इंचांचा, त्याचा आठवा भाग ५ बाय साडेसात. कापल्यावर तो साधारण पावणेपाच बाय सव्वासात होतो. जुने कवितासंग्रह, नाटकं, एकांकिका आणि छोट्या पुस्तिका या आकारात भेटतात. रॉयल तावाचा आठवा भाग कापून साधारण सहा बाय साडेनऊ इंच होतो. जाड संशोधनग्रंथ आणि शब्दकोश त्यात येतात. क्राऊनचा आठवा भाग न करता चौथा भाग केला की सव्वासात बाय साडेनऊ इंचांचं चौकोनी वाटणारं पान मिळतं. अनेक दिवाळी अंक आणि लहान मुलांची पुस्तकं या मापात असतात. काही दिवाळी अंक याहून मोठे, अकरा इंचांपर्यंत उंच असतात. छायाचित्रांची पुस्तकं, नकाशे आणि ए-फोर मापाची पाठ्यपुस्तकं पावणेबारा इंचांपर्यंत जातात.

इंग्रजी पुस्तकंही याच घरात नांदतात. ब्रिटिश पद्धतीचं नेहमीचं पेपरबॅक १९.८ बाय १२.९ सेंटिमीटर, म्हणजे पावणेआठ बाय पाच इंच असतं. ते डेमीच्या ओळीत सहज बसतं. पुठ्ठा बांधणीची इंग्रजी पुस्तकं बहुधा रॉयलच्या जवळपास असतात. पुठ्ठा बांधणीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. तिचा पुठ्ठा आतल्या पानांपेक्षा तीन बाजूंनी साधारण तीन मिलिमीटर बाहेर असतो, म्हणून डेमी आकाराचं बांधीव पुस्तक साडेआठ नव्हे, पावणेनऊ इंच उंच भरतं.

पोथीचा प्रकार निराळा. तिची सुटी पानं आडव्या आकाराची असतात आणि ती कापडात बांधून आडवीच ठेवायची असते. तिच्यासाठी उंच कप्पा नको, खोल कप्पा हवा.

या यादीकडे पाहिलं की घरातल्या सगळ्या पुस्तकांचे तीनच गट पडतात. पहिल्यात क्राऊन, पेपरबॅक आणि डेमी, म्हणजे पावणेनऊ इंचांपर्यंतचे सगळे. दुसऱ्यात रॉयल आणि क्राऊन १/४, साडेनऊ इंचांच्या आसपासचे. तिसऱ्यात दहा इंचांवरचं सगळं आणि पोथ्या. क्राऊनसाठी वेगळा गट करण्यात हशील नाही. तसं केल्याने एका ओळीमागे जेमतेम सव्वा इंच वाचतो, आणि तेवढ्यासाठी कविता एका टोकाला आणि त्याच कवीचं गद्य दुसऱ्या टोकाला ठेवावं लागतं.

दोन फळ्यांमधलं अंतर

पुस्तक साडेआठ इंचांचं म्हणून कप्पा पावणेनऊचा केला तर पुस्तक आत जाईल, बाहेर मात्र नीट येणार नाही. गच्च ओळीतून पुस्तक काढताना आपण त्याच्या माथ्यावर बोट ठेवून ते पुढे झुकवतो. पुस्तक आपल्या खालच्या, पुढच्या कडेवर फिरतं आणि त्याचा मागचा वरचा कोपरा उचलला जातो. तो कोपरा वरच्या फळीला टेकला की पुस्तक तिथेच अडतं.

डेमी पुस्तकाचा हिशेब केला तर असं दिसतं: वर एक इंच मोकळा असेल तर पुस्तक साधारण बारा अंशांपर्यंत झुकतं. तेवढ्यात कण्याचा माथा पावणेदोन इंच बाहेर येतो आणि दोन्ही बाजूंनी बोटांत धरता येतो. वर पाव इंचच असेल तर पुस्तक झुकत नाही, बोटही आत जात नाही. मग माणूस कण्याच्या वरच्या टोकाला नख लावून ओढतो. घरातली पुस्तकं काढून पाहा. ज्यांच्या कण्याचा माथा फाटलेला किंवा सुटलेला असतो, ती बहुतेक अशाच तंग कप्प्यातली असतात.

म्हणून नियम असा की त्या ओळीतल्या सर्वांत उंच पुस्तकाच्या वर किमान एक इंच ठेवायचा, दीड इंच असेल तर उत्तम. डेमीच्या ओळीसाठी पावणेदहा इंच पुरतात: साध्या बांधणीवर सव्वा इंच आणि पुठ्ठा बांधणीवर एक इंच मोकळा राहतो. रॉयलच्या ओळीला अकरा इंच आणि मोठ्या आकाराला तेरा इंच द्यावेत. दीड इंचापेक्षा जास्त ठेवलेली जागा आडव्या पुस्तकांना दिलेलं आमंत्रण असतं.

ही मापं मोकळ्या जागेची आहेत, एका फळीच्या माथ्यापासून दुसरीच्या माथ्यापर्यंतची नाहीत. सुतार बहुधा दुसऱ्या पद्धतीने खुणा करतो. तो ‘पावणेदहा’ लिहून घेईल, फळीची पाऊण इंच जाडी त्यातच धरेल आणि हातात येईल नऊ इंचांचा कप्पा. फळीच्या पुढच्या कडेला खाली लोंबणारी लाकडी लिपिंग पट्टी लावायची असेल तर तिची लोंबही यातून वजा होते. त्यामुळे कागदावर ‘आतलं मोकळं अंतर’ असे शब्द लिहून द्यावेत.

खोली

खोलीचा नियम याहून सोपा आहे. पुस्तकाच्या रुंदीत दीड ते दोन इंच मिळवायचे. पुस्तकं फळीच्या पुढच्या कडेपासून अर्धा इंच आत, एका रेषेत उभी राहतात आणि मागे इंच-दीड इंच हवा राहते. कोकणात आणि मुंबईच्या बाजूला ही मागची जागा चैनीची नाही. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि पुस्तकं मागे टेकलेली असतील तर बुरशी पहिल्यांदा तिथेच धरते. कसर नावाच्या चंदेरी किड्यालाही अशीच दमट, न हलणारी जागा लागते. शक्य असेल तर कपाट बाहेरच्या भिंतीला लावूच नये. लावावंच लागलं तर ते भिंतीपासून दोन इंच सुटं ठेवावं.

डेमी साडेपाच इंच रुंद, म्हणजे सात-साडेसात इंच खोली पुरते. क्राऊन १/४ सव्वासात इंच रुंद असतो. म्हणून पहिले दोन्ही गट एकाच खोलीत बसवायचे तर पावणेआठ इंच हे सोयीचं माप आहे. सर्वांत मोठ्या पुस्तकासाठी सगळ्या कपाटाची खोली वाढवणं हीच नेहमीची चूक असते. वीस-पंचवीस मोठ्या पुस्तकांसाठी उरलेली सहाशे पुस्तकं दुहेरी रांगेत जातात. खोली नेहमी जास्तीत जास्त पुस्तकांवरून ठरवावी आणि मोठ्यांची सोय वेगळी करावी.

पावणेआठ इंचांच्या मापाला प्लायचाही आधार आहे. ४८ इंच रुंदीच्या शीटमधून आठ-आठ इंचांच्या सहा पट्ट्या निघतील असं वाटतं, पण प्रत्येक कापात करवत साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग खाते. पाच काप वजा जाता पावणेआठच्या सहा पट्ट्या नीट निघतात. फूटभर खोलीच्या मात्र चारच निघतात. म्हणजे एका शीटमध्ये दीडपट फळ्या मिळतात.

फळीची लांबी आणि झोल

पुस्तकांचं वजन आपण कमी धरतो. फूटभर लांबीत गच्च उभी केलेली डेमी पुस्तकं साधारण सात किलो भरतात. चकचकीत कागदावर छापलेली मोठी चित्रांची पुस्तकं तेवढ्याच लांबीत वीस किलोंपर्यंत जातात, आणि ती खाली ठेवण्याचं हेही एक कारण आहे.

वजन फळीवर सगळीकडे सारखं पसरलेलं असलं तर फळीचा झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. ऐकायला हे गणित रुक्ष वाटतं, पण घरात त्याचा अर्थ अगदी सरळ आहे. २९ इंचांची फळी ४२ इंचांची केली, म्हणजे जेमतेम दीडपट लांब केली, तर झोल चौपटीहून जास्त होतो. पाऊण इंची चांगल्या प्लायची २९ इंचांची फळी डेमी पुस्तकांच्या भाराखाली सुरुवातीला साधारण दीड मिलिमीटर वाकते. तीच साडेतीन फुटांची असेल तर साडेसहा मिलिमीटर. शिवाय लाकूड सतत भाराखाली राहिलं की वर्षानुवर्षं हळूहळू आणखी वाकत जातं, आणि सुरुवातीचा झोल कालांतराने दुप्पटही होऊ शकतो. तेव्हा दोन उभ्या आधारांमध्ये अडीच फुटांहून जास्त अंतर ठेवू नये. पार्टिकल बोर्डाच्या तयार रॅकला तर दोन फूटही पुष्कळ झाले, कारण तो प्लायपेक्षा बराच लवकर वाकतो.

जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताने होतो. १८ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटरची फळी घेतली तर ती तिपटीहून अधिक वाकते. जाडी न वाढवता फळी ताठ करायची असेल तर पुढच्या कडेला दीड इंच उंच सागवानी पट्टी उभी लावतात. अट एवढीच की तिची लोंब आधी म्हटल्याप्रमाणे अंतरात धरलेली हवी.

झोल किती आला हे पाहायला फळीच्या पुढच्या कडेवर दोन्ही टोकांना दोरी ताणून धरायची आणि मध्यावर दोरी व फळी यांतलं अंतर बघायचं. ते एका सुताच्या आत, म्हणजे तीन मिलिमीटरांच्या आत असेल तर काळजी नको. दोन सुतांवर गेलं असेल तर फळी काढून उलटी घालावी. काही वर्षं ती पुन्हा सरळ दिसेल. तरी झोल परत आलाच तर मध्ये एक उभा आधार देणं हाच उपाय.

एका भिंतीचा पूर्ण हिशेब

आता हे सगळं एका घरात करून पाहू. समजा दिवाणखान्यात साडेसात फूट लांब, आतल्या बाजूची कोरडी भिंत मोकळी आहे आणि कपाट सात फुटांच्या आत ठेवायचं आहे. घरात ६२० पुस्तकं आहेत.

सुताराला बोलावण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी पुस्तकं जमिनीवर उतरवून तीन गटांत उभी करायची. मोजायचं ते नगावर नाही, लांबीवर. टेप घेऊन प्रत्येक गटाची ओळ किती फूट भरते ते लिहायचं, कारण दीडशे पानांचा संग्रह आणि आठशे पानांची कादंबरी दोन्ही ‘एक नग’ असतात. या घरात असं भरलं: क्राऊन, पेपरबॅक आणि डेमी मिळून ५०० पुस्तकं, ओळ २९ फूट. रॉयल आणि क्राऊन १/४ मिळून ९० पुस्तकं आणि अंक, ओळ सहा फूट. मोठी पुस्तकं ३०, ओळ साडेतीन फूट, आणि दोन पोथ्या.

भिंतीची लांबी ९० इंच. चार उभ्या फळ्यांची जाडी मिळून तीन इंच गेले, उरले ८७. त्याचे तीन खण केले की प्रत्येक खण २९ इंचांचा. आडवी फळी अडीच फुटांच्या आत राहिली.

आता उंची. मोठ्या पुस्तकांसाठी खाली फूटभर खोल बैठा खोका करायचा. लादी पुसताना पाणी लागू नये म्हणून खाली चार इंचांचा पाया, त्यावर फळी, तेरा इंच मोकळी जागा आणि वर आणखी एक फळी. एकूण साडेअठरा इंच. यातल्या एका खणात पोथ्या आडव्या बसतात, बाकीच्या दोन खणांत मोठी पुस्तकं. खोका वरच्या कपाटापेक्षा सव्वाचार इंच पुढे येतो. त्या कडेवर, वरून काढलेली पुस्तकं टेकवायला जागा होते.

त्यावर पावणेआठ इंच खोलीचं कपाट. सर्वांत खाली अकरा इंचांची एक ओळ रॉयल आणि दिवाळी अंकांसाठी. तिच्यावर पावणेदहा इंचांच्या पाच ओळी. मोकळी जागा झाली ५९.७५ इंच, सात फळ्यांची जाडी सव्वापाच इंच, एकूण ६५. खालच्या खोक्याचे साडेअठरा मिळवले की ८३.५ इंच, सात फुटांना अर्धा इंच कमी. तो अर्धा इंच वाया जात नाही, कारण सनमायकाचे थर फळ्यांची जाडी थोडी वाढवतात.

पाच ओळी, तीन खण, म्हणजे २९ इंचांच्या पंधरा फळ्या. लांबी सव्वाछत्तीस फूट. पहिल्या गटाची पुस्तकं २९ फूट आहेत, म्हणजे सव्वासात फूट मोकळे राहिले. एवढी जागा सोडावीच लागते. नवी पुस्तकं येतात, आणि ओळ गच्च भरली की झुकवून काढण्याचा सगळा हिशेबच निकामी होतो. दुसऱ्या गटाला सव्वासात फूट मिळाले आणि त्याची गरज सहा फुटांची आहे.

आता तेवढ्याच भिंतीवर नेहमीचं, एक फूट बाय एक फूट कप्प्यांचं कपाट किती बसेल ते पाहू. चार इंचांचा पाया धरून सहाच ओळी बसतात. आपल्या आराखड्यात खोक्यासह सात आहेत. जास्तीच्या एका ओळीत तीन फळ्या, सव्वासात फूट लांबी, म्हणजे सव्वाशेच्या आसपास डेमी पुस्तकं. खेरीज जमिनीपासून दीड फुटाच्या वर कपाट भिंतीतून सव्वाचार इंच कमी बाहेर येतं. छोट्या दिवाणखान्यात ते लगेच जाणवतं.

प्लायचा हिशेबही जुळतो. वरच्या कपाटाला ६५ इंचांच्या चार उभ्या आणि २९ इंचांच्या २१ आडव्या फळ्या लागतात. आठ फुटी पट्टीतून एक उभी आणि एक आडवी निघते, अशा चार पट्ट्या. उरलेल्या सतरा आडव्या फळ्या तीन-तीन करून सहा पट्ट्यांत येतात. दहा पट्ट्या झाल्या आणि दोन शीटमधून बारा निघतात. तिसरा शीट खालच्या खोक्याला. मागच्या बाजूची सहा मिलिमीटरची प्लाय वेगळी, आणि ती मागून ठोकायची. आत बसवली तर पावणेआठातून पाव इंच जातो आणि क्राऊन १/४ चे अंक पुढे डोकावू लागतात.

वरच्या ओळीबद्दल एक सूचना. तिची फळी जमिनीपासून सहा फूट एक इंचावर येते. पाच फूट दोन इंच उंचीच्या माणसाचा हात तिथवर जेमतेम पोचतो. तिथे संदर्भाची, वर्षातून एकदोनदा लागणारी पुस्तकं ठेवावीत, जाड शब्दकोश नव्हे.

फळ्या हलत्या की पक्क्या

सगळ्या फळ्या खिळ्यांनी पक्क्या केल्या तर आजचे गट कायमचे होतात. उद्या चित्रकलेची पुस्तकं वाढली तर अडचण. म्हणून उभ्या फळ्यांना आतून ३२ मिलिमीटर अंतरावर पाच मिलिमीटरची भोकं पाडून फळ्या पिनांवर टेकवाव्यात. मात्र खालची, वरची आणि मधली एक फळी पक्कीच हवी, नाहीतर उंच उभ्या फळ्या बाहेरच्या बाजूला फुगतात आणि पिनांवरच्या फळ्या सैल होतात. उंच आणि कमी खोलीचं कपाट पुढे कलू शकतं. त्यामुळे वरची फळी भिंतीला स्क्रूने बांधणं आवश्यक आहे, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

आकारांनुसार गट केले की विषय विस्कटतात, ही तक्रार जुनी आहे. सतराव्या शतकात लंडनच्या सॅम्युअल पीप्सने आपली तीन हजार पुस्तकं सरळ उंचीनुसार लावली होती आणि ओळ एकसारखी दिसावी म्हणून बुटक्या पुस्तकांखाली लाकडी ठोकळे घातले होते. ती आजही केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात त्याच क्रमाने आहेत. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयांसाठी व्यवहार्य तोड काढली. बहुसंख्य पुस्तकं विषयवार एका क्रमात, फार लहान आणि फार मोठी पुस्तकं त्याच विषयक्रमाने पण वेगळ्या फळ्यांवर. लहान पुस्तकाच्या ग्रंथांकाखाली रेघ, मोठ्याच्या वर रेघ, म्हणजे पुस्तक कुठे शोधायचं ते यादीतूनच कळतं. घरात एवढ्या खुणांची गरज नाही. पहिल्या गटात पाचशे पुस्तकं एकाच उंचीच्या ओळींत असल्यामुळे विषय तिथे हवे तसे लागतात. बाहेर राहतात ती सव्वाशे पुस्तकं, आणि त्यांची जागा घरच्यांना आठवडाभरात पाठ होते.

सुताराला हे सांगताना तोंडी मापांवर विसंबू नये. एका कागदावर खणाची लांबी, प्रत्येक ओळीचं आतलं मोकळं अंतर, आतली खोली आणि ‘मागची प्लाय बाहेरून’ एवढं लिहून द्यावं. सांगाडा उभा राहिला की सनमायका चढायच्या आधी घरातली चार पुस्तकं घेऊन जावं: पुठ्ठा बांधणीची डेमी कादंबरी, एक दिवाळी अंक, एक जाड शब्दकोश आणि सर्वांत मोठं चित्रांचं पुस्तक. प्रत्येक आपापल्या कप्प्यात उभं करून, शेजारी दोन-चार पुस्तकं दाटीने लावून, माथ्यावर एक बोट ठेवून झुकवून काढायचं. कोपरा वर टेकला तर त्याच वेळी भोकं एक घर वर सरकवता येतात. सनमायका लागल्यावर हेच काम दुप्पट खर्चाचं होतं.